वृक्षाचे केंद्र आणि त्रिज्या

१. 'केंद्र' : येथे वृक्ष म्हणजे बिंदू व कडांची अशी जोडणी, जिच्यात कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एकच वाट असते. एकच कडा असलेला बिंदू म्हणजे पान. सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंतचे अंतर जेथून कमीत कमी पडते, ते केंद्र. ते अंतर म्हणजे त्रिज्या. अंतर कडांच्या संख्येत मोजायचे.

उदाहरणादाखल सोनारी–परांडा, करमाळा–परांडा, परांडा–बार्शी, बार्शी–धाराशिव व धाराशिव–तुळजापूर एवढेच रस्ते घेऊ. सोनारी, करमाळा आणि तुळजापूर ही पाने एकदम खुडली की परांडा–बार्शी–धाराशिव उरते. पुन्हा टोके खुडली की एकटी बार्शी उरते. फेऱ्या दोन, म्हणून त्रिज्या २. आता तुळजापूर–नळदुर्ग हा रस्ता जोडा. दोन फेऱ्यांनंतर बार्शी व धाराशिव ही जोडी उरते. दोन्ही केंद्रे; त्रिज्या फेऱ्यांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे ३.

कारण असे : कोणत्याही बिंदूपासून सर्वांत दूरचा बिंदू पानच असतो, तो पान नसता, तर वाट आणखी पुढे गेली असती. म्हणून एका फेरीत उरलेल्या प्रत्येक बिंदूचे कमाल अंतर बरोबर एकाने घटते आणि केंद्र जागचे हलत नाही. तीन किंवा अधिक बिंदू असलेल्या वृक्षात पान नसलेला बिंदू असतोच, त्यामुळे खुडणे एक किंवा दोन बिंदूंवरच थांबते. हे कामीय जॉर्दां यांनी १८६९ मध्ये दाखवले. मात्र फेरीतील सर्व पाने एकाच वेळी खुडावीत; एकेक खुडल्यास उत्तर चुकते. अंतरे किलोमीटरमध्ये घेतल्यासही ही रीत लागू पडत नाही. — संपा.