पन्नासावी पायरी, उर्फ बॅटल पासची गोष्ट

तर झालं असं, की दिवाळीत चार दिवस कारंज्याला ताईकडे गेलो होतो. सोयाबीन काढून झालेलं, भावजी बाजारभावावर वैतागलेले, आणि भाचा कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेला. मला बघून म्हणाला, "मामा, पास घेऊन द्या ना. सीझन संपायला तीनच दिवस राहिले." मी आपला गेम म्हणजे कॉन्ट्रा आणि मारिओ या पिढीतला. म्हटलं, पास म्हणजे एसटीचा का? तो हसला. मग बसलो शोधायला.

याचं मूळ 'डोटा २' या गेममध्ये सापडतं. 2013 साली व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या मोठ्या स्पर्धेसाठी साधारण दहा डॉलरची एक डिजिटल पुस्तिका विकली, नाव 'कॉम्पेंडियम'. विक्रीचा पाव हिस्सा बक्षिसाच्या रकमेत जायचा, आणि रकमेने ठरावीक आकडा गाठला की पुस्तिका घेणाऱ्या सगळ्यांना काहीतरी मिळायचं. 16 लाख डॉलरचं बक्षीस 28 लाखांच्या पुढे गेलं. म्हणजे सुरुवातीला शिडी होती, पण ती सगळ्यांची मिळून एक होती. पुढे प्रत्येकाची शिडी वेगळी झाली, आणि 2016 मध्ये याच गेममध्ये 'बॅटल पास' हे नाव आलं.

घराघरात तो पोचवला 'फोर्टनाइट'ने, डिसेंबर 2017 पासून. फेब्रुवारी 2018 मध्ये सुरू झालेला त्यांचा तिसरा सीझन घेऊ, कारण त्याचं गणित स्वच्छ आहे. एकूण 100 पायऱ्या. एक पायरी म्हणजे 10 तारे. आठवड्याला सात कामं, सगळी केली तर 50 तारे, म्हणजे पाच पायऱ्या. सीझन दहा आठवड्यांचा, तेव्हा यातून पायऱ्या मिळणार 50. उरलेला निम्मा जिना रोजच्या 5 ताऱ्यांच्या कामावर आणि एकूण खेळण्यावर. साठवून ठेवता येणारी रोजची कामं फक्त तीन, त्यामुळे आठवडाभर गावाला गेलात की मधली कामं बुडालीच. यातली मेख आता कळली असेल. फक्त शनिवार-रविवार खेळणारा अर्ध्यावर राहतो. मग वरच्या पायऱ्या विकत घ्या, एक पायरी 150 व्ही-बक्स. अख्खा पास मात्र 950 ला!

पायऱ्यांच्या दोन रांगा असतात. एक फुकटची, एक पैशाची. फुकट रांगेत बक्षिसं विरळ. ही रांग दानधर्म नव्हे, ते दुकानाचं शोकेस आहे. तीसाव्या पायरीवर पोचलेल्या पोराला शेजारच्या रांगेतली कुलूपबंद बक्षिसं दिसत राहतात. त्याला वाटतं, हे मी कमावलंय, फक्त सोडवायचं बाकी आहे.

आपल्याकडे हे आलं पबजी मोबाईलच्या 'रॉयल पास'मधून, 2018 च्या मध्यात. तेव्हा 100 रँक आणि किंमत 600 यूसी. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने गेमवर बंदी आणली आणि 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. 2 जुलै 2021 ला तोच गेम बीजीएमआय नावाने परत आला. त्याच महिन्यात पास मासिक झाला: 50 रँक, 360 यूसी. ऐकायला स्वस्त. पण 100 रँकसाठी दोन महिन्यांचे 720 यूसी झाले, म्हणजे 20 टक्के जास्त. शिवाय 'सीझन संपत आला'ची घंटा दर महिन्याला. 28 जुलै 2022 ला हाही गेम स्टोअरवरून उतरवला गेला, तो मे 2023 मध्ये परतला. सीझनची तारीख कंपनी ठरवते असं आपण धरून चालतो, पण या दोन घटनांनी दाखवलं की अख्ख्या शिडीखालची जमीनच कधीही सरकू शकते. खात्यातल्या कपड्यांची मालकी तुमची नसतेच, ते फक्त वापरायला दिलेले असतात.

असो. भाच्याचं काय झालं? एक गोष्ट माझ्या लक्षात आली. यात पास उशिरा घेतला तरी चढून झालेल्या पायऱ्यांची पैशाची बक्षिसं एकदम मिळतात. म्हणजे पहिल्याच दिवशी पैसे भरायची घाई नाही, उलट भरलेले पैसे वसूल करायला रोज खेळावं लागतं. शेवटच्या दिवशी आधी मोजायचं, किती पायऱ्या झाल्या आणि त्यातलं खरंच काय हवंय.

भाचा 38 वर होता. आम्ही दोघांनी यादी काढली. त्याला हवा असलेला ड्रेस होता 50 वर.

"मग नको मामा," तो स्वतःच म्हणाला. पाच मिनिटांनी परत आला, "पुढच्या महिन्यात मोजू."

ताईने माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका!