शाईतले वलय : मेरुद्रवातील क्रिप्टोकॉकसची ओळख

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत आढळणारी, यीस्टच्या स्वरूपातली बुरशी. ती श्वासावाटे फुप्फुसात शिरते आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात, विशेषतः एचआयव्हीच्या रुग्णात, मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचते. तिथे ती मेरुद्रवात, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘पाठीतले पाणी’ म्हणतो त्यात वाढू लागते. ही बुरशी ओळखण्याची एक जुनी आणि अतिशय स्वस्त रीत म्हणजे काळ्या शाईची तपासणी. तिची गंमत अशी, की येथे जंतूला रंगवायचे नसते. त्याच्या भोवतालाला रंगवायचे असते.

यीस्टच्या पेशीभोवती शर्करायुक्त पदार्थाचे जाड, बुळबुळीत कवच असते. त्यात बहुतांश पाणीच असल्याने नेहमीचे रंग त्यावर नीट चढत नाहीत आणि साध्या पाण्यात ते दिसतही नाही. इंडिया इंक हे मात्र काजळीच्या अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण असते. हे कण कवचात शिरू शकत नाहीत. परिणामी काळ्या पार्श्वभूमीवर कवचाची जागा तेवढी स्वच्छ उजळ राहते आणि तिच्या मध्यभागी गोल पेशी बसलेली दिसते, देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तशी.

कृती सोपी असली तरी हात बसावा लागतो. मेरुद्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतात, त्यात शाईचा लहान थेंब मिसळतात आणि वर कव्हर स्लिप ठेवतात. शाई दाट झाली तर सारेच अंधारात बुडते, पातळ झाली तर वलय उठून दिसत नाही. पट्टीखाली वर्तमानपत्र धरले असता छपाई जेमतेम वाचता यावी, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. प्रकाश कमी ठेवून आधी दहापट आणि मग चाळीसपट भिंगाखाली पट्टी पाहायची. नुसत्या शाईचा एक थेंबही वेगळा तपासावा, कारण जुन्या बाटलीत कधी कधी भलतेच यीस्ट वाढलेले असते.

खरी अडचण वाचनात येते. समजा, एचआयव्हीचे उपचार न घेतलेला, तीन आठवडे डोकेदुखीने त्रस्त असलेला एक रुग्ण आहे. त्याचे मेरुद्रव नितळ आहे. पेशीगणनेत १८ लिम्फोसाइट नोंदले गेले आणि ‘क्षयाचा मेंदूज्वर असावा’ असे अनुमान निघाले. पण मोजणारा तंत्रज्ञ थबकला. त्या ‘लिम्फोसाइटां’चे आकार एकसारखे नव्हते. एक चार मायक्रॉनचा, तर शेजारचा आठ मायक्रॉनचा होता, आणि एकाला बारीक मानेने जोडलेली लहानशी कळी फुटलेली दिसत होती. त्याने शाई घातली आणि वलये उमटली. मोजलेल्यांपैकी बरेचसे यीस्टच होते. क्षय समजून स्टिरॉइड दिले असते तर अपाय झाला असता, कारण या बुरशीच्या मेंदूज्वरात त्यांचा नेहमीचा वापर घातक ठरल्याचे चाचण्यांतून दिसले आहे.

पण प्रत्येक वलय खरे नसते. पांढऱ्या पेशीभोवतीही शाई किंचित मागे सरते. ती कड मात्र धूसर आणि दातेरी असते. हवेचे बुडबुडे, चरबीचे थेंब आणि हातमोज्यांवरची पूडही फसवते. खऱ्या यीस्टचे वलय रेखीव असते, आतल्या पेशीला चकाकणारी भित्तिका असते आणि निर्णायक पुरावा म्हणजे कळी. तरीही शंका उरली तर द्रवाच्या दुसऱ्या थेंबात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालावे. त्यात पांढऱ्या पेशी विरघळतात, यीस्ट टिकते.

हे कवच केवळ ओळखीची खूण नव्हे. त्याच्यामुळे भक्षक पेशींना बुरशी गिळता येत नाही, आणि त्यातून गळणारा पदार्थ मेरुद्रवाच्या निचऱ्याच्या वाटा तुंबवण्यास हातभार लावतो. म्हणून अशा रुग्णात द्रवाचा दाब मोजणे आवश्यक असते. तो २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर द्रव काढून कमी करावा लागतो. अन्यथा दृष्टी आणि प्राण दोन्ही धोक्यात येतात. हाच गळालेला पदार्थ प्रतिजन चाचणीत पकडला जातो.

तेथेच शाईची मर्यादाही उघड होते. एचआयव्हीच्या रुग्णांत बुरशीची संख्या मोठी असल्याने शाई बहुतेकदा होकार देते, पण इतर रुग्णांत सुमारे निम्म्यांतच. कवच अगदी पातळ असले तर वलय दिसतच नाही. म्हणून ‘शाई नकारार्थी’ एवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. प्रतिजन चाचणी आणि संवर्धन करावेच लागते. उलट, उपचार लागू पडल्यावरही काही आठवडे वलये दिसत राहू शकतात. शाई जिवंत आणि मृत पेशींत भेद करीत नाही, आणि मेल्यानंतरही कवच लगेच गळून पडत नाही. अशा वेळी औषध निष्फळ ठरले की नाही, हे संवर्धनात वाढ होते का यावरून ठरवतात.