ताठरतेवेळी लिंग वाकतंय, आत कडक गाठ लागतेय? पेरोनी आजारात ‘केव्हा’ हे आधी ठरतं, ‘काय’ ते नंतर

उज्जैन : लिंगाला ताठरता आली की ते एका बाजूला वाकतं, दुखतं आणि बोटांनी चाचपलं तर कातडीखाली कडक चकतीसारखं काहीतरी लागतं. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या पुरुषांत दिसणाऱ्या या त्रासाला पेरोनी आजार म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. हा कर्करोग नाही, संसर्ग नाही आणि बायकोला लागणाराही नाही. तारुण्यातल्या ‘चुकां’मुळे होतो, हेही खरं नाही. पण लाजेपोटी माणूस आधी तेल-मलमांच्या मागे लागतो आणि उपचाराची योग्य वेळ निघून जाते.

लिंग वाकतं कसं?

लिंगात लांबीच्या दिशेने दोन नळकांडी असतात. त्यांत रक्त भरलं की ताठरता येते. या नळकांड्यांभोवती एक चिवट पण ताणलं जाणारं आवरण असतं. सायकलच्या ट्यूबला एका बाजूने न ताणणारी पट्टी चिकटवा आणि हवा भरा. ट्यूब पट्टीच्या बाजूला वाकते. पेरोनीत नेमकं तेच होतं. आवरणात एका जागी व्रण तयार होतो, तो ताणला जात नाही आणि लिंग त्याच बाजूला वळतं. चकती बहुतेक वेळा वरच्या बाजूला असते, त्यामुळे वाकही वर, पोटाच्या दिशेने असतो. चकतीने सगळीकडून वेढलं असेल तर मध्येच कंबर पडल्यासारखा अरुंद भाग दिसतो. लिंग शिथिल असताना यातलं काहीच दिसत नाही.

व्रण का होतो?

सर्वमान्य समज असा आहे की संबंधाच्या वेळी लिंग किंचित दुमडलं जातं आणि आवरणाला बारीक इजा होते. ताठरता पुरेशी कडक नसेल तर असं दुमडणं जास्त होतं. बहुतेकांच्या अशा इजा विनासायास भरून येतात. काहींच्या शरीरात मात्र भरून येण्याची क्रिया थांबतच नाही. कोलॅजेन साचत जातं, कधी त्यात कॅल्शियमही बसतं. हे काहींनाच का होतं, याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. अनेकांना तर इजा झाल्याचं आठवतही नाही. मधुमेह असणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो. तळहातावर गाठी येऊन बोटं आत ओढली जाण्याचा ड्युप्युट्रेन नावाचा त्रासही काही रुग्णांत सोबत असतो, म्हणून डॉक्टर हातही बघतात.

लहानपणापासूनच वाक असेल, गाठ नसेल आणि दुखत नसेल तर तो जन्मजात वाक. तो वेगळा. आणि संबंधाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, काळंनिळं पडलं तर तो पेरोनी नाही. आवरण फाटलेलं असतं. तेव्हा त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

आजाराचे दोन टप्पे

पहिल्या टप्प्यात व्रण ‘जिवंत’ असतो. दुखतं आणि वाक बदलत राहतो. हा टप्पा साधारण सहा महिने ते दीड वर्ष चालतो. दुसऱ्या टप्प्यात दुखणं थांबतं आणि वाक एका अंशावर स्थिर होतो. वेदना बहुतेकांची आपोआप जाते. वाक मात्र फार थोड्यांचाच आपोआप कमी होतो. उरलेल्यांपैकी काहींचा तसाच राहतो, काहींचा वाढतो. तेलाची जाहिरात करणारा या आपोआप थांबलेल्या वेदनेचंच श्रेय घेतो.

एक उदाहरण घेऊ. फ्रीगंजमध्ये दुकान असलेले ५२ वर्षांचे गृहस्थ, मधुमेह आहे. पहिल्या महिन्यात ताठरतेवेळी दुखायला लागलं. चौथ्या महिन्यात वाक ३० अंश झाला. दहाव्या महिन्यात दुखणं गेलं, तेव्हा त्यांना वाटलं बरं झालं. बाराव्या महिन्यात वाक ५० अंश भरला आणि संबंध जमेना. पंधराव्या महिन्यातही तो ५०च होता. म्हणजे आता आजार स्थिर झाला. चौथ्या महिन्यात ऑपरेशन केलं असतं तर सरळ केलेलं लिंग पुढच्या वाढीने पुन्हा वाकलं असतं. म्हणून सुरुवातीपासून एक वर्ष आणि वाक न बदलता निदान तीन महिने झाल्याशिवाय सर्जन सहसा हात लावत नाहीत.

अंश कसे मोजायचे? पूर्ण ताठरतेत मोबाईलवर वरून आणि बाजूने फोटो काढायचे, दर दोन महिन्यांनी त्याच कोनातून. त्यावर मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला तरी आकडा कळतो. युरोलॉजिस्टकडे इंजेक्शनने ताठरता आणून सोनोग्राफी करतात, त्यात रक्तप्रवाहही कळतो. या इंजेक्शनची ताठरता चार तासांनंतरही गेली नाही तर लगेच दवाखान्यात परतायचं.

उपचार

पहिल्या टप्प्यात दुखण्यावर गोळ्या देतात आणि साखर आटोक्यात ठेवायला सांगतात. ओढ देणारं उपकरण रोज वापरून काहींना थोडा फायदा होतो. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या गेल्या, पण त्याने वाक सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. शॉकवेव्हने दुखणं कमी होऊ शकतं, वाक सरळ होत नाही.

स्थिर टप्प्यात चकतीतच इंजेक्शन देता येतं. कोलॅजेन विरघळवणाऱ्या कोलॅजिनेजला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, किमान ३० अंशांच्या वाकासाठी. चाचण्यांत वाक सरासरी ३४ टक्क्यांनी घटला. नुसतं खोटं इंजेक्शन दिलेल्यांतही तो १८ टक्क्यांनी घटला होता. म्हणजे फायदा आहे, पण ५० अंशांचे साधारण ३३ होतात, शून्य नाही. आवरण फाटण्याचा धोकाही असतो.

लिंग सरळ करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग ऑपरेशनचा. ताठरता चांगली असेल आणि वाक ६० अंशांच्या आत असेल तर चकतीच्या विरुद्ध, लांब बाजूला टाके घालून ती आखूड करतात. लिंग सरळ होतं, पण लांबी थोडी कमी होते. वाक मोठा असेल किंवा कंबर पडली असेल तर चकतीवर छेद देऊन तिथे दुसऱ्या ऊतीचं ठिगळ लावतात. यात लांबी वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा धोका जास्त. आणि ताठरता गोळ्यांनीही येत नसेल तर आत दांड्यांचं रोपण करतात. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी बनवलेलं ‘शहा प्रोस्थेसिस’ हे त्यातलं भारतीय रोपण आहे.

फ्रीगंजच्या त्या गृहस्थांची ताठरता गोळीने नीट येत असेल तर त्यांच्यासाठी टाक्यांचं ऑपरेशन बसतं. मात्र सही करण्याआधी लांबी किती कमी होईल, ते सर्जनकडून सेंटिमीटरमध्ये विचारून घ्यावं. ऑपरेशननंतर नाराजी होते ती बहुधा याच एका गोष्टीवरून.

सरळ संबंध होत असेल, दुखत नसेल आणि वाक थोडाच असेल तर काहीही न करणं हाही उपचारच.