अंधुक फोटोवरून एआय पोर्ट्रेट: त्वचेचा रंग का बदलतो, बारकावे कुठे जातात?

माझ्या एका मित्राला त्याच्या आजीचं फ्रेम करण्याजोगं पोर्ट्रेट हवं होतं. आजी आता नाहीत, त्यामुळे नवीन फोटो काढणं शक्य नव्हतं. हाताशी होते फोनवरचे १४ फोटो, त्यातले ११ संध्याकाळी घरातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेले. ते सगळे वापरून आम्ही स्टेबल डिफ्यूजन १.५ वर लोरा तयार केला. लोरा म्हणजे मूळ मॉडेलला एखाद्या व्यक्तीची ओळख करून देणारं छोटं, जादा प्रशिक्षण. चित्र आलं. चेहरेपट्टी आजींचीच, पण त्वचा नारिंगी आणि गुळगुळीत, कपाळावरचं गोंदण गायब. मित्राचे वडील बघून म्हणाले, "ही आई नाही रे."

रंग कुठे बिघडला?

फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये त्वचेचा रंग आणि त्यावर पडलेला प्रकाश एकत्र मिसळलेले असतात. आपला मेंदू हा प्रकाश बऱ्यापैकी वजा करतो. मॉडेलला मात्र दिलेल्या फोटोंमध्ये जे कायम दिसतं, ते त्या माणसाचंच वाटतं. १४ पैकी ११ फोटोंत पिवळा उजेड असेल, तर तो उजेड चेहऱ्याचा भाग म्हणून शिकला जातो.

हे मोजून बघता येतं. एका फोटोत आजींच्या पांढऱ्या पदरावरची किंमत लाल ९२, हिरवा ७४, निळा ४८ अशी होती. पांढऱ्यासाठी तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. हिरवा तसाच ठेवून तिन्ही ७४ वर आणायचे, तर लालला साधारण ०.८ ने आणि निळ्याला १.५४ ने गुणावं लागतं. गालाची किंमत होती ७०, ४४, २६. हाच गुणाकार तिथे केला की ५६, ४४, ४० येतात. म्हणजे फोटोत लाल निळ्याच्या पावणेतीनपट दिसत होता, प्रत्यक्षात तो १.४ पटच होता. (काटेकोर हिशोब गॅमा काढून करतात, पण अंदाजाला एवढं पुरतं.) आजी सावळ्या होत्या, नारिंगी नव्हत्या.

गोंदण कुठे गेलं?

कमी उजेडात सेन्सरवर प्रकाश कमी पडतो. फोन मग सिग्नल वाढवतो आणि त्याच्यासोबत नॉइज, म्हणजे रंगीत कणकणही वाढते. बल्बच्या उजेडात निळा भाग सगळ्यात कमी असल्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये ही कणकण सर्वाधिक असते. ती झाकायला फोन शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतो. आजींचं गोंदण फोटोत जेमतेम चार पिक्सेलचं होतं, तेही सावळ्या कपाळावर. ते या सरासरीत पुसलं गेलं.

जे थोडं उरलं, ते पुढच्या टप्प्यात गेलं. हे मॉडेल चित्र आधी आक्रसून घेतं: ८ × ८ पिक्सेलचा चौकोन म्हणजे एक घर. घरापेक्षा लहान, फिकट ठिपका त्यात टिकणं अवघड. मग रिकामी जागा मॉडेल आपल्या सवयीने भरतं, आणि ती सवय बहुधा गुळगुळीत त्वचेची असते. उलट फोटोत कणकण तशीच राहिली असेल, तर ती डाग किंवा पुरळ बनून चित्रात उतरू शकते.

ओळखायचं कसं?

दोन चाचण्या करा. पहिली: प्रॉम्प्टमध्ये फक्त उजेड बदला, म्हणजे "दुपारचं अंगण", "ढगाळ सकाळ". मागचं दृश्य बदललं पण त्वचा नारिंगीच राहिली, तर रंग फोटोंतून चिकटला आहे. दुसरी: तोच प्रॉम्प्ट चार-पाच वेगवेगळ्या सीडवर चालवा. तीळ किंवा सुरकुती दर वेळी जागा बदलत असेल, तर ती मॉडेलच्या मनची आहे. मात्र पाचही चित्रांत सारखा दिसणारा गुळगुळीतपणा खरा असेलच असं नाही, कारण मॉडेलची सवयही कायम असते.

आम्ही काय केलं?

उरलेले तीन फोटो अंगणात दिवसा काढलेले होते. तेच मुख्य ठेवले. बल्बखालच्या ११ पैकी कमी कणकणीचे चार घेतले आणि पदरावरून त्यांचा रंग सुधारला. बाकीचे सात काढून टाकले. नुसता ब्राइटनेस वाढवून उपयोग नव्हता, त्याने कणकणही तेवढीच वाढते. चेहरा "शार्प" करणारं एआय ॲप मुद्दाम टाळलं, कारण ते हरवलेला बारकावा परत आणत नाही, नवा रचतं आणि लोरा मग तोच शिकतो.

सात फोटोंवरच्या लोरात त्वचेचा रंग जुळला. गोंदण मात्र आलं नाही. ते शेवटी एका जुन्या स्टुडिओ फोटोत बघून मित्राने चित्रावर हाताने काढलं.

तुमच्या घरातली माणसं समोर असतील, तर फोटो आत्ताच काढून ठेवा: दिवसा, खिडकीजवळ, घरातला दिवा बंद करून, ब्यूटी मोडशिवाय. अंगावर किंवा जवळ काहीतरी पांढरं असू द्या. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून घ्यायचा असेल, तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.