रॅलेची शिटी आणि ध्वनीची तीव्रता

ध्वनितरंग हवेतून जाताना दाब किंचित वरखाली होतो. या चढउताराचा आयाम p, हवेची घनता ρ आणि ध्वनीचा वेग c मानला, तर तीव्रता, म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरमधून जाणारी ऊर्जा, अशी मिळते:

I = p² / 2ρc

छेदातला २ का? दाब सतत आयामाइतका नसतो. त्याच्या वर्गाची सरासरी आयामाच्या वर्गाच्या निम्मी भरते.

आज मायक्रोफोनने p मोजता येतो. १८७७ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांच्याजवळ असे साधन नव्हते. मंद आवाजात हवा किती हलते, हे त्यांना हवे होते. म्हणून ते उलट्या बाजूने, ऊर्जेकडून निघाले.

त्यांची शिटी ९.५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर वाजे आणि सेकंदाला १९६ घन सेंटिमीटर हवा घेई. दाब आणि दर सेकंदाची हवा यांचा गुणाकार, म्हणजे शिटीला मिळणारी शक्ती, सुमारे ०.१८ वॅट. शिटी ८२० मीटरवर सहज ऐकू येई. ही सारी शक्ती ध्वनी होऊन जमिनीवरच्या अर्धगोलात सारखी पसरली असे धरू. अर्धगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ४२ लाख चौरस मीटर, म्हणून तीव्रता चौरस मीटरला ०.०४३ मायक्रोवॅट.

आता आपण p काढू. ρ = १.३ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि c = ३४१ मीटर प्रति सेकंद घेतल्यास 2ρc = ८८७. याला ०.०००००००४३ ने गुणले की p² = ०.००००३८, म्हणून p = ०.००६२ पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, हे येथे आठवावे. शिटीची वारंवारता २७३० होती. त्यावरून रॅले यांनी हवेच्या कणांच्या हालचालीचा आयाम काढला. तो एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरला!

मात्र ही वरची मर्यादा आहे, हे रॅले जाणून होते. शिटीला दिलेल्या शक्तीतला थोडाच भाग ध्वनी होतो. समजा शंभरावाच झाला, तर तीव्रता शंभरपट घटेल. पण p वर्गात असल्याने दाब दहापटच घटेल. पुढे १८९४ साली त्यांनी नादकाटे वापरून हे मोजमाप सुधारले.

आज श्रवणाचा संदर्भ दाब २० मायक्रोपास्कल मानतात. परंतु हा आयाम नव्हे. ते वर्गाच्या सरासरीचे वर्गमूळ आहे. आयाम त्याच्या १.४१ पट, म्हणजे २८ मायक्रोपास्कल. तो सूत्रात घातला की तीव्रता चौरस मीटरला एका मायक्रोवॅटचा सुमारे दहा लाखावा भाग येते. २० हीच संख्या आयाम म्हणून घातली, तर उत्तर निम्मे येईल. विद्यार्थ्यांचे उत्तर नेमके निम्मे आले, तर प्रथम हेच तपासावे.