तीनाचा आठ

वडिलांच्या २०११-१२ च्या फायलीत पाच कागद उरले आहेत: चलनाची स्थळप्रत, रिटर्नची प्रत, आयकर खात्याची सूचना, बँकेच्या नावाचं एक बिनतारखेचं पत्र आणि फॉर्म २६एएसची छापील प्रत. त्यांवरून झालेला घोटाळा बऱ्यापैकी लावता येतो.

२२ जुलै २०११ ला त्यांनी बँकेत १९,३९० रुपये स्वयंनिर्धारण कर भरला. त्यात कर १८,००० आणि बाकीचं व्याज. बँकेच्या शिक्क्यात तीन गोष्टी आहेत: शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी चलन क्रमांक. हा क्रमांक त्या शाखेपुरता, त्या दिवसापुरता असतो. म्हणून तिन्ही गोष्टी जुळल्या तरच भरणा ओळखू येतो.

रिटर्न २९ जुलैचा, म्हणजे मुदतीतला. त्यात कोड बरोबर, तारीख बरोबर, रक्कमही बरोबर. चलन क्रमांक मात्र ००१८८. स्थळप्रतीवर शाई पसरल्यामुळे तोच आकडा ००१३८ही वाचता येतो. स्थळप्रतीच्या मागे वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने ००१८८ लिहिलेलं आहे. रिटर्न भरणाऱ्याला त्यांनी हा आकडा सांगितला असावा. तसं असेल, तर चूक टंकनाची नव्हे, वाचनाची.

मार्च २०१२ च्या सूचनेत दोन रकाने आहेत. स्वयंनिर्धारण करापुढे करदात्याच्या रकान्यात १९,३९० आणि खात्याच्या रकान्यात शून्य. मागणी मात्र २०,८३० रुपयांची. वरचे १,४४० कुठून आले? भरणा हिशेबात न आल्याने कलम २३४बीचं व्याज जुलैवर थांबलं नाही. १८,००० वर महिना १ टक्का, म्हणजे १८० रुपये, असं मार्चपर्यंत आणखी आठ महिने ते चढलं.

बँकेला लिहिलेल्या पत्रात या मागणीचा उल्लेख आहे, म्हणजे ते सूचनेनंतरचं. त्यात ‘आपण रक्कम सरकारजमा केली नाही’ असा थेट आरोप आहे. तो २६एएसने खोटा ठरतो. ९ एप्रिल २०१२ च्या त्या प्रतीत भरणा ठळक दिसतो: १९,३९० रुपये, मायनर हेड ३००, चलन क्रमांक ००१३८. पैसे सरकारात पोचले होते, त्यांच्याच पॅनवर. बँकेने दुरुस्त करावं असं काहीच उरलं नव्हतं. चुकीचा तपशील होता तो रिटर्नमध्ये. त्यासाठी कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा, कर-जमेचा तपशील बदलायचा. पैसे पुन्हा भरायचे नाहीत.

तसा अर्ज झाला हे सूचनेच्या समासातल्या नोंदीवरून कळतं: ‘१५४ केला, मागणी शून्य.’ पत्रावर वडिलांची सही आहे, पण बँकेचा आवक शिक्का नाही, आणि मूळ प्रत आमच्याच फायलीत आहे. ते बहुधा धाडलंच गेलं नाही.