लग्नासमोरचे लग्न

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या शिवारात कोणत्याही क्षणी उभे राहिले तरी पूर्व क्षितिजावर एक रास उगवत असते आणि त्याच क्षणी तिच्या बरोबर समोरची रास पश्चिमेला मावळत असते. जन्माच्या वेळी उगवती असलेली रास म्हणजे लग्नरास, मावळती म्हणजे सप्तम. वराचे लग्न मीन आणि वधूचे कन्या असेल, तर एकाचे उगवते क्षितिज दुसऱ्याच्या मावळतीवर पडते आणि ही जोडी लग्न-सप्तमाने जुळली असे ज्योतिषी मानतात. मराठीत विवाहालाच आपण लग्न म्हणतो. तरीही पत्रिका जुळवताना हे लग्न शतकानुशतके मागे पडले. ते का, हे पाहायला आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

इसवी सनपूर्व 410 च्या सुमाराची बाबिलोनमधली जन्मटिपणे ही या विद्येची सर्वांत जुनी कागदपत्रे, खरे तर मातीच्या विटा. त्यांत ग्रहांच्या जागा आहेत, पण लग्न नाही. उगवत्या ताऱ्यांवरून रात्रीचे प्रहर मोजायची सवय इजिप्तची. हे दोन धागे पुढे ग्रीक ज्योतिषात एकत्र विणले गेले. उगवता बिंदू जातकाचा ठरला आणि समोरचा मावळता बिंदू त्याच्या जोडीदाराचा. दुसऱ्या शतकात टॉलेमीने मैत्रीचा विचार करताना लिहून ठेवले, की दोघांचे सूर्य, चंद्र, लग्न यांनी एकच रास धरली किंवा आपसांत जागा बदलल्या तर स्नेह टिकतो. आजच्या जुळणीचा हा विसरला गेलेला पूर्वज.

ही विद्या भारतात आली ती ‘यवनजातक’सारख्या ग्रंथांतून, आणि येताना शब्दही घेऊन आली. समोरासमोरच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा ग्रीक शब्द ‘डायामेट्रॉस’ संस्कृतात ‘जामित्र’ झाला आणि सातव्या स्थानाचे नाव बनला. कालिदासापर्यंत तो इतका मुरला होता, की ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात शिवपार्वतीच्या विवाहाची तिथी सांगताना पहिल्याच श्लोकात तो येतो. ‘लग्न’ हा शब्द मात्र अस्सल इथला: क्षितिजाला लागलेली, चिकटलेली रास ती लग्न. त्या राशीच्या शुभ वेळेवर विवाह लावायचा, म्हणून वेळेचे नाव विधीला मिळाले. अंतरपाटाच्या बाजूला पाण्यात ठेवलेले घटिकापात्र 24 मिनिटांत भरून बुडायचे. उगवत्या राशीचा हिशेब त्या बुडण्यावर चालायचा.

अकराव्या शतकात हा हिशेब सूक्ष्म करणारा श्रीपती आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडचा मानला जातो. ‘ज्योतिषरत्नमाले’वरची त्याच्या नावची टीका मराठी गद्याच्या फार जुन्या नमुन्यांत मोडते. त्याच्या पद्धतीत लग्नाचा अंश हा पहिल्या भावाचा आरंभ नसून मध्य असतो, आणि त्यापासून 180 अंशांवरचा बिंदू सप्तमाचा मध्य. म्हणून आजही दोन ज्योतिषी एकाच अंशाला, एक भावारंभ आणि दुसरा भावमध्य, अशी वेगळी नावे देतात. जुळणीत मात्र फरक पडत नाही. समोरचा बिंदू दोघांचाही तोच.

इथपर्यंत आपला रस्ता सरळ आहे. पण काशीच्या रामदैवज्ञाने शके 1522 मध्ये, म्हणजे 1600 साली, ‘मुहूर्तचिंतामणि’ रचला तेव्हा वधूवरांच्या मेलनाचा गाडा चंद्राच्या नक्षत्रावर स्थिरावलेला दिसतो. वर्णाच्या एका गुणापासून नाडीच्या आठ गुणांपर्यंत मिळून छत्तीस गुण. लग्न त्यात कुठेच नाही. त्याची सावली तेवढी उरली: दोघांच्या चंद्रराशी एकमेकींपासून सातव्या असतील तर ते समसप्तक, आणि राशिकूटाचे सातही गुण पदरात. सहावी-आठवी आली तर षडाष्टक. तो शब्द तर पत्रिकेतून निघून गावच्या भांडणांत जाऊन बसला. चंद्राला पसंती का मिळाली असावी, हे समजणे अवघड नाही. चंद्र एका नक्षत्रात सुमारे दिवसभर असतो. आईने ‘दिवेलागणीला झाला’ एवढे सांगितले तरी बहुधा भागते. लग्न मात्र साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते.

शिवाय सगळ्या राशी सारख्या वेळात उगवत नाहीत. मोडनिंब 18 अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला आहे. तिथे मीन रास सुमारे 97 मिनिटांत उगवून जाते, तर तिच्या समोरची कन्या सुमारे 127 मिनिटे घेते. म्हणजे मीनेचा अंश सव्वातीन मिनिटांचा आणि कन्येचा सव्वाचार मिनिटांचा. वेळेतली तीच चूक मीन लग्नाला जास्त ढकलते.

जुन्या पत्रिकांत जन्म सूर्योदयापासूनच्या घटी-पळांत लिहीत, त्यामुळे वेळ त्या गावचीच असायची. 1906 च्या 1 जानेवारीला भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बार्शी लाइट रेल्वेचा फाटा कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला पोहोचला. स्टेशनातल्या घड्याळाची वेळ आता गावच्या सूर्याची राहिली नाही. प्रमाणवेळ मोडनिंबच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे 28 मिनिटे पुढे असते. दहा-अकरा वर्षांनी याच जिल्ह्यात, सोलापुरात, नानाशास्त्री दात्यांनी आपले पंचांग सुरू केले. 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत तर युद्धामुळे घड्याळे आणखी एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्मवेळेतून तो तास वजा केला नाही, तर लग्न साधारण अर्धी रास चुकते.

आता एक कल्पित जोडी मांडून पाहू. वराचे लग्न मीन 12 अंश. म्हणजे त्याचा सप्तमबिंदू कन्या 12 अंश. मोडनिंबला जन्मलेल्या वधूचे लग्न कन्या 10 अंश. अंतर दोन अंशांचे, आणि तीन अंशांपर्यंतची जुळणी घट्ट मानायची असे ठरवले तर ही जोडी बसली. पण नोकरी मुंबईला म्हणून कोणी संगणकात जन्मगाव मुंबई भरले, तर अडीच रेखांशांची दहा मिनिटे होतात, वधूचे लग्न साडेसात अंशांच्या आसपास मागे येते आणि जुळणी सुटते. प्रमाणवेळेलाच स्थानिक वेळ समजून गणित केले, तर वराचे लग्न जवळजवळ नऊ अंश पुढे जाते. दहा-दहा मिनिटे वेळ मागेपुढे करून पुन्हा पाहणे ही म्हणूनच पहिली परीक्षा. तेवढ्यात मोडते ते अंशांचे जुळणे विसरावे, फार तर राशीचे धरावे.

राशीचे जुळणे मात्र स्वस्त आहे: कोणत्याही दोघांत बारांत सुमारे एकदा ते सापडते. तीन अंशांच्या आतले साठांत सुमारे एकदा. 1952 मध्ये कार्ल युंगने 483 विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तपासून प्रसिद्ध केल्या, आणि तपासलेल्या बिंदूंत लग्न आणि सप्तम हे दोन्ही होते. जोडप्यांच्या तीन गटांत दर वेळी वेगळीच जुळणी पुढे आली, आणि गट एकत्र करताच तिन्ही योगायोगाच्या पातळीवर उतरल्या.

तरी मोडनिंबच्या मंगल कार्यालयात आजही पत्रिकेवर मुहूर्ताची मिनिटे छापलेली असतात. घटिकापात्र गेले, भिंतीवरचे घड्याळ आले. ते दाखवते प्रमाणवेळ. गावाचा सूर्य अजून 28 मिनिटे मागून येत असतो. पंचांगकर्त्याने ते अंतर आधीच मोजून ठेवलेले असते, म्हणून अक्षता ठरल्या राशीवर पडतात. जन्माच्या क्षणी मात्र असे कोणी मोजत बसलेले नसते.